मॉलच्या नोटिशीचा मसुदा : दरमहा अग्निशमन तपासणी, शटर आणि मागचा कॉरिडॉर

मॅनेजर_कांदिवली

गाळेधारकांसाठी नोटीस काढतोय. मागची इंग्रजीत होती, ती नोटीस बोर्डावर पिवळी पडली, वाचली कोणीच नाही. म्हणून यंदा मराठीत. मॉलमध्ये तळमजला आणि वर दोन मजले, गाळे ८६, फायर शटर ९, गाळ्यांच्या मागून जाणारा सर्व्हिस कॉरिडॉर १.८ मीटर रुंद. मसुदा असा :

«सर्व गाळेधारकांना कळविण्यात येते की, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ८ ते १० या वेळेत अग्निशमन साधनांची तपासणी होईल. गाळ्यातील सिलिंडर दर्शनी जागी ठेवावेत. तपासणीच्या वेळी जबाबदार व्यक्ती हजर असावी. शटरखाली व कॉरिडॉरमध्ये कोणतेही सामान ठेवू नये. आढळल्यास उचलून नेण्यात येईल.»

काय राहिलं, काय चुकलं ते सांगा. भाषेपेक्षा मजकुराकडे बघा.

काउंटरवाली

शटरखाली सामान कोण ठेवतं? ठेवलं तर रात्री दुकान बंद कसं करणार? हा मुद्दा काढून टाका, उगाच नोटीस लांबते. माझा मोबाइल कव्हरचा गाळा आहे. दिवसभर शटर पूर्ण वर असतं.

तांबडा_बंब

ताई, तुम्ही तुमच्या गाळ्याचं शटर म्हणताय, साहेब फायर शटर म्हणताहेत. मसुद्यात नुसतं ‘शटर’ लिहिलंय, म्हणून निम्मे गाळेधारक तुमच्यासारखंच वाचणार. पहिली दुरुस्ती हीच.

गाळ्याचं शटर चोरीसाठी असतं. फायर शटर एस्केलेटरभोवती, बेसमेंटच्या रॅम्पवर किंवा मजल्याचे दोन भाग पाडणाऱ्या मोकळ्या वाटेवर असतं. दिवसभर ते वर छतातल्या पेटीत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे ते तिथे आहे हेच लोक विसरतात. खाली दिसते ती फक्त मोकळी फरशी, आणि मॉलमधली मोकळी फरशी म्हणजे स्टँडी, सेलचा टेबल, कुंडी, नाहीतर खेळण्यातल्या गाडीचं पार्किंग. अलार्म पॅनलकडून इशारा आला की ब्रेक सुटून शटर आपल्या वजनाने खाली येतं. बऱ्याच शटरना जोडीला वितळणारी कडीही असते, साधारण ६८ ते ७२ अंशांना सुटणारी. म्हणजे वीज गेली, पॅनल बिघडलं, तरी उष्णतेने ते उतरावं. पण खाली टेबल असेल तर पॅनलही काही करू शकत नाही आणि कडीही.

साहेब, नोटिशीत ‘फायर शटर’ लिहा आणि नऊच्या नऊ जागा नावानिशी द्या. ‘एस्केलेटर क्रमांक २ समोर, गाळा ११४ आणि ११५ यांच्या मधे’ असं. नाहीतर माणूस वर बघणारच नाही.

अर्धा_चहा

धूर वर जातो हे शाळेतलं विज्ञान आहे. शटर स्टँडीवर अडकून खाली फूटभर फट राहिली तर काय बिघडलं? धूर छताला अडला ना. एवढ्यासाठी रोज कटकट कशाला?

तांबडा_बंब

पहिल्या काही मिनिटांपुरतं बरोबर आहे. धूर आधी छताला साठतो, पण जळणं चालू राहिलं की तो थर जाड होत होत खाली उतरतो आणि फटीपर्यंत येतो. तोवर त्याच फटीतून आगीला खालून ताजी हवा मिळत राहते. पण ही दोन्ही कारणं बाजूला ठेवा, तिसरं सगळ्यात सोपं आहे. शटर ज्या वस्तूवर टेकलंय ती वस्तूच पेट घेते. फ्लेक्सची स्टँडी, फोमचं कटआउट, प्लायचा टेबल. एक टोक आगीच्या बाजूला, दुसरं टोक सुरक्षित बाजूला. शटरने अडवायची ती आग तुम्ही खालून पूल बांधून पलीकडे नेलीत.

आकार पण बघा. शटर ३.५ मीटर रुंद आणि फट ३० सेंटिमीटर धरली तर १ चौरस मीटरहून जास्त भोक झालं. म्हणजे गाळ्याच्या मागच्या दाराच्या अर्ध्याहून मोठं.

नट_बोल्ट

शटरचं काम करणाऱ्याच्या नजरेतून एक भर. शटर सरळ टेकलं तर फट तरी एकसारखी राहते. बहुतेक वेळा वस्तू एका टोकाला असते. मग खालची पट्टी तिरकी होते, एक बाजू खाली, एक वर. वरच्या पात्या दबाव टाकत राहतात आणि अडकलेल्या बाजूच्या पात्या कडेच्या गाइडच्या खाचेतून निसटतात. एकदा पात्या गाइडबाहेर आल्या की ते शटर वर घेताना अख्खं चेमटतं. त्यानंतर ते दुरुस्तीला जातं आणि तेवढे दिवस तिथे उघडं भगदाड. मोटरचं, खालच्या पट्टीला सेन्सर असलेलं शटर असेल तर अडथळा लागला की ते थांबतं किंवा परत वर जातं. तेही बंद झालं नाही हे उरतंच.

शिवाय मसुद्यात ‘शटरखाली’ एवढंच म्हटलंय, पण त्रास देणाऱ्या निम्म्या गोष्टी जमिनीवर नसतातच. दिवाळीच्या माळा शटरच्या खालच्या पट्टीला बांधतात. सीसीटीव्हीवाला शटरखालच्या मोकळ्या वाटेतून केबल ओढून नेतो. फॉल्स सीलिंगचा ठेकेदार शटर बाहेर यायची चीर पीओपीने इतकी अरुंद करतो की खालची पट्टी तिथेच अडते. रंगारी गाइडमध्ये ब्रश घालतो, रंग सुकतो, पाती चिकटते. आणि खाली टाकलेलं गालिच्याचं किंवा रबरी मॅटिंग. लोकांना वाटतं ते दबेल, पण शटरला पूर्ण टेकायला सपाट फरशी लागते.

मॅनेजर_कांदिवली

हे चांगलं झालं. माळा आणि केबल घालतो. आता शटर उतरवून बघण्याबद्दल. नऊ शटर, दर महिन्याला तीन, म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी. पुरेसं आहे का? आणि गाळेधारकांसमोर करावं का?

नट_बोल्ट

वेळेपेक्षा क्रम सांभाळा. मॉल उघडायच्या आधी करा. पॅनल रूमला सांगून यंत्रणा टेस्टवर टाका, नाहीतर भोंगे वाजतील, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उभ्या राहतील, एसीचे पंखे बंद होतील. शटरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करा, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला. मग पॅनलवरून सोडा. शेजारच्या हँड बटणावरून नको, कारण बटणाने उतरणारं शटर इशाऱ्यावर उतरतंच असं नाही, वायर मधेच तुटलेली असू शकते. घड्याळ लावा. अमेरिकन मापदंडात सेकंदाला १५ ते ६० सेंटिमीटर हा वेग धरतात, म्हणजे ३ मीटर उंचीचं शटर ५ ते २० सेकंदांत खाली. यापेक्षा झपकन आलं तर वेग आवरणारा गव्हर्नर गेलाय, रखडत आलं तर गाइड घाण आहेत.

पट्टी फरशीला पूर्ण टेकली का ते टॉर्च लावून पलीकडून बघा. उजेड दिसला की फट आहे. फरशी बदललेल्या मॉलमध्ये हे हमखास निघतं, नवी टाइल एका बाजूला अर्धा इंच उंच बसलेली असते.

मग वर घ्या, कडी आणि ब्रेक परत बसवा, आणि पॅनल टेस्टवरून काढा. हे शेवटचं लोक विसरतात. तपासणी उत्तम झाली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मॉलचा अलार्म झोपलेला.

तांबडा_बंब

शेवटच्या वाक्यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना करा : ‘टेस्टवरून काढले, वेळ, सही’. आणि समोरच्या गाळेधारकाला उभं करा. शटर आपल्याच स्टँडीच्या डोक्यावर येताना एकदा बघितलं की नोटिशीची गरज उरत नाही.

साडीघर_बोरिवली

शटरचं पटलं. कॉरिडॉरचं मात्र एकतर्फी चाललंय. दसरा-दिवाळीच्या आधी माल एकदम उतरतो. गाळ्याचं भाडं चौरस फुटाला, गोदाम मॉल देत नाही. दोन तास खोकी मागच्या कॉरिडॉरमध्ये ठेवली तर ‘उचलून नेण्यात येईल’? तेही सगळी खोकी भिंतीला लावून, रांगेत, येण्याजाण्याला भरपूर जागा सोडून. १.८ मीटरच्या कॉरिडॉरमध्ये ६० सेंटिमीटरची खोकी लावली तरी १.२ मीटर उरतो. ट्रॉलीसुद्धा जाते.

तांबडा_बंब

दादा, तुमचं गणित खरं आहे, पण ते दारं बंद असतानाचं. आता दार उघडून बघा.

गाळ्याचं मागचं दार ९० सेंटिमीटरचं, कॉरिडॉरमध्ये बाहेरच्या बाजूला उघडणारं. ते काटकोनात उघडलं की कॉरिडॉरमध्ये ९० सेंटिमीटर आडवं उभं राहतं. १.८ मधून ९० गेले, उरले ९०. त्यातून माणसं एकामागे एक पळू शकतात. समोरच्या भिंतीला तुमची ६० ची खोकी आली की उरतात ३० सेंटिमीटर. त्यातून माणूस आडवा होऊनही धड निघत नाही. आणि धुरात कोणी परत दार लोटून बंद करत नाही, त्यामुळे एक दार उघडलं की मागच्या सगळ्या गाळ्यांतली माणसं त्याच्यापाशी अडकली. दार भिंतीला सपाट मागे गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण बऱ्याच ठिकाणी ते तेवढं मागे जात नाही.

दुसरी गंमत अशी की ज्या दारासमोर खोकी आहेत ते दार बहुधा तुमचं नसतंच. तुमच्या दारासमोर तुम्ही जागा सोडता, खोकी सरकतात शेजाऱ्याकडे. शेजारी आतून बघतो तेव्हा त्याला दार बंद आणि ठीक दिसतं. रात्री स्टॉक मोजायला तो पुढचं शटर ओढून तीन पोरांना घेऊन आत बसतो. पुढे शटर खाली, मागे तुमच्या साड्या. त्याला बाहेर यायला वाटच नाही, आणि हे त्याला माहीतही नाही.

काउंटरवाली

हे वाचून सांगते, माझ्याही गाळ्यात स्टॉक मोजताना शटर खाली ओढतात, नाहीतर गिऱ्हाईक आत येत राहतं. मग काय करायचं?

तांबडा_बंब

ताई, शटर कमरेच्या वर ठेवा आणि पुढे दोरी बांधा, ‘बंद आहे’ची पाटी लावा. मोटरचं शटर असेल तर हाताने फिरवायची साखळी किंवा हँडल कुठे आहे ते प्रत्येक कामगाराला दाखवा. वीज गेली की रिमोटचं शटर भिंत होतं. बऱ्याच गाळ्यांत ती साखळी फर्निचरवाल्याने लाकडी पेटीत बंद केलेली असते. आणि शटर ओढायच्या आधी एकाने मागचं दार प्रत्यक्ष ढकलून उघडून बघावं. दहा सेकंदांचं काम.

मॅनेजरसाहेब, म्हणजे गाळ्याचं शटरही नोटिशीत येतं, फक्त वेगळ्या कारणासाठी. ताईंनी चुकून बरोबर मुद्दा काढला.

साडीघर_बोरिवली

गणित मान्य. पण माल उतरवायचा कुठे हा प्रश्न तसाच राहिला. नोटिशीत नुसतं ‘नको’ असेल तर दिवाळीत सगळेच ती मोडतील. सकाळी ७ ते ९ लोडिंग बेमध्ये उतरवून थेट गाळ्यात न्यायची मुभा द्या, आणि तेवढ्यापुरत्या दोन जादा ट्रॉल्या.

मॅनेजर_कांदिवली

ट्रॉल्या देऊ शकतो. वेळ साडेनऊपर्यंत करता येईल. लोडिंग बेमध्ये रात्रभर माल ठेवू देणार नाही, तिथे पंप रूमचं दार आहे.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत लोक जिन्यात चपलांचे स्टँड आणि सायकली ठेवतात. नोटीस दिली तर म्हणतात वैयक्तिक आकस. ही नोटीस आम्हाला चालेल का? आमच्याकडे शटर नाही, पण लिफ्टसमोर ग्रिल आहे.

तांबडा_बंब

काका, शटरचा भाग तुम्हाला लागत नाही. जिन्यात वस्तू नको हे लागतं. सोसायटीसाठी वेगळा धागा काढा, इथे गाळे आणि फ्लॅट मिसळले तर दोघांचाही गोंधळ होईल.

अर्धा_चहा

सिलिंडरबद्दल कोणीच बोललं नाही. दर महिन्याला काटा हिरव्यात आहे का बघायचं, झालं. त्यासाठी गाळ्यात माणूस थांबवायची काय गरज? गार्डने बघून जावं.

तांबडा_बंब

काटा हिरव्यात हे एबीसी पावडरच्या सिलिंडरला लागू. सीओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो. इलेक्ट्रिक पॅनलजवळ आणि मोबाइल-लॅपटॉपच्या गाळ्यांत तोच जास्त असतो. गार्ड काटा शोधतो, सापडत नाही, आणि वहीत ‘ओके’ लिहितो. तो सिलिंडर तोलावा लागतो.

उदाहरण घ्या. ४.५ किलो गॅसचा सिलिंडर. मानेवर रिकामं वजन कोरलंय ११.८ किलो. भरलेलं हवं १६.३. काट्यावर आलं १५.७. म्हणजे ६०० ग्रॅम गॅस गेला. दहा टक्के, म्हणजे ४५० ग्रॅमच्या वर गळती असेल तर तो रिफिलला पाठवायचा, म्हणून हा गेला. आता यात फसगत कुठे होते? कोरलेलं वजन बहुधा नळी आणि हॉर्न, म्हणजे गॅस बाहेर पडतो ते रुंद तोंड, सोडून असतं. हॉर्नसकट तोललं तर नळी-हॉर्नच्या वजनाखाली तेवढीच गळती झाकली जाते आणि सिलिंडर भरलेला वाटतो. म्हणून हॉर्न काढून तोला, किंवा पहिल्या भरणीला हॉर्नसकट वजन घेऊन ते लेबलवर लिहून ठेवा आणि दर वेळी त्याच्याशीच ताडा. तोलताना सेफ्टी पिन आणि सील जागेवर असू द्या.

माणूस थांबायचं कारण वेगळं आहे. पाहणीत सर्वाधिक सापडतं ते हे : सिलिंडर आहे, पण त्याच्यासमोर पुतळा उभा आहे, किंवा तो काउंटरखाली ढकललाय, किंवा मागच्या फायर डोअरला उघडं ठेवायला अडसर म्हणून लावलाय. त्याच क्षणी जागेवर आणायला गाळ्याचा माणूस हवा.

नट_बोल्ट

शेवटचं अगदी खरं. फायर डोअरला सिलिंडर लावला की एका दगडात दोन पक्षी, दारही निकामी आणि सिलिंडरही.

पावडर बसून घट्ट होते म्हणून दर महिन्याला सिलिंडर उलटा करून रबरी हातोडीने ठोका, असं आमच्याकडे सांगतात. तेही नोटिशीत घाला.

तांबडा_बंब

हे मी घालणार नाही. दाब भरून ठेवलेल्या आजच्या सिलिंडरला दर महिन्याला ठोकायची गरज नाही असं मानणारे बरेच आहेत, आणि गाळेधारकाच्या हातात हातोडी दिली की काटा फुटतो. सर्व्हिसवाला वर्षाच्या सर्व्हिसला बघेल.

नट_बोल्ट

दमट हवेत, मुंबईच्या पावसाळ्यात, वर्षभर थांबायचं? मी तरी हलवून बघतो. हातोडी नको, ठीक आहे, पण उलटा केल्यावर आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे.

साडीघर_बोरिवली

खर्च कोणाचा? रिफिल आमच्या माथी का? फॉर्म बी तर मॉलच घेतो ना.

मॅनेजर_कांदिवली

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये मालक किंवा भोगवटादार दोघांपैकी कोणीही जबाबदार असू शकतो. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. तोच फॉर्म बी. आमच्या करारात कॉमन जागा मॉलची आणि गाळ्याच्या आतलं गाळेधारकाचं असं आहे. म्हणून आतला सिलिंडर तुमच्याकडे. दरमहा तपासणी मात्र आम्ही करून देणार, तिचे पैसे नाहीत.

साडीघर_बोरिवली

करारात ‘देखभाल’ लिहिलंय, ‘रिफिल’ नाही. ते आम्ही असोसिएशनमध्ये बघू.

मॅनेजर_कांदिवली

बघा. तोवर मजकूर असा केलाय :

«दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ८ ते १० या वेळेत तपासणी होईल. गाळ्यातील एका कामगाराने हजर राहावे. सीओटू सिलिंडर जागेवर तोलला जाईल.

सोबतच्या नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या ९ जागी छतात फायर शटर आहेत. त्याखालच्या पिवळ्या पट्ट्यात स्टँडी, टेबल, कुंडी, मॅट काहीही ठेवू नये. शटरच्या पट्टीला माळ, बॅनर बांधू नये. शटरखालच्या वाटेतून केबल नेऊ नये. दर महिन्याला ३ शटर उतरवून पाहिले जातील, समोरच्या गाळेधारकांनी ते पाहावे.

मागील कॉरिडॉरमध्ये कोणत्याही भिंतीला, थोड्या वेळासाठीही, माल ठेवू नये. माल उतरवण्यासाठी सकाळी ७ ते ९.३० लोडिंग बे व ट्रॉली मिळेल. आत माणसे असताना गाळ्याचे शटर पूर्ण बंद करू नये. ते ओढण्यापूर्वी मागील दार उघडून पाहावे.

पट्ट्यात अथवा कॉरिडॉरमध्ये सापडलेला माल सिक्युरिटी केबिनमध्ये नेला जाईल व नोंद करून त्याच दिवशी परत मिळेल.»

काउंटरवाली

‘जप्त’ नाही, ‘त्याच दिवशी परत’, हे बरं झालं. पिवळा पट्टा किती रुंद मारणार?

नट_बोल्ट

शटरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा अर्धा मीटर. नुसती एक रेघ मारलीत तर लोक टेबल रेघेला चिकटवून ठेवतील, आणि गिऱ्हाईकाच्या धक्क्याने तो आत सरकेल. कॉरिडॉरमध्येही दाराच्या फेऱ्याचा अर्धवर्तुळाकार पट्टा मारा, म्हणजे दार किती जागा खातं ते आतून-बाहेरून कळेल.

अर्धा_चहा

आणि चाकांवरचे किऑस्क? मधल्या चौकातला तो पॉपकॉर्नवाला बरोबर शटरच्या रेषेवर उभा असतो. त्याला चाकं आहेत, म्हणजे ढकलता येतो. तो चालेल?

तांबडा_बंब

ढकलणार कोण? अलार्म झाला की पॉपकॉर्नवाला आधी स्वतः पळणार, आणि तसंच करायला हवं. शिवाय त्याची वीज फरशीतल्या सॉकेटमधून येते, केबल ओढल्याशिवाय तो हलत नाही.

मॅनेजर_कांदिवली

त्याचा करार मार्चपर्यंत आहे, आणि जागा करारात नकाशासकट लिहिलेली आहे. हलवायचं तर वरिष्ठांकडे जावं लागेल. तोवर त्या शटरची तपासणी कशी करायची ते सुचवा, कारण पहिल्या मंगळवारच्या तिनांत तेच पहिलं येतंय.

नट_बोल्ट

मंगळवारी त्याला उचलून शटर उतरवा, फोटो काढा. मग त्याला परत जागेवर ठेवून फरशीपासून किऑस्कच्या माथ्यापर्यंत उंची मोजा आणि दोन्ही नोंदवहीत लिहा. फॉर्म बी देणारी एजन्सी ती वही बघेल तेव्हा त्यावर सही करते का, ते वरिष्ठांना दाखवता येईल.